फोन न उचललेल्या घरांचा हिशेब: फोनवरील सर्वेक्षणात भारांकन कसे करावे आणि ते कुठे थांबते

फोनवरून सर्वेक्षण करणाऱ्या नव्या कार्यकर्त्याला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट जाणवते. यादीतील निम्म्याहून अधिक लोक बोलतच नाहीत. कोणाची घंटा वाजत राहते, कोणाचा फोन बंद असतो, कोणी "नंतर करा" म्हणून ठेवून देतो. अशा वेळी मनात येणारा पहिला विचार असा असतो की आणखी नंबर घ्यावेत आणि ठरलेली संख्या पूर्ण करावी. मात्र संख्या पूर्ण झाल्याने आकडा बरोबर येईलच असे नाही. न बोललेली माणसे बोललेल्यांपेक्षा वेगळी असतील, तर दहा हजार मुलाखती घेऊनही उत्तर एका बाजूला झुकलेलेच राहते. या झुकावाला अप्रतिसादामुळे येणारी अभिनती म्हणतात. ती कमी करण्यासाठी काही उत्तरांना जास्त आणि काहींना कमी वजन देतात, त्याला भारांकन किंवा रोजच्या बोलण्यात 'वेटिंग' म्हणतात.

हे सारे एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरणातील आकडे हिशेब समजावा म्हणून मी सोपे करून घेतले आहेत, पण परिस्थिती मराठवाड्यात दर वर्षी दिसते तीच आहे. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. समजा, उन्हाळ्यात, म्हणजे बहुतेक माणसे गावी असताना, आपण काही गावांत घरोघरी जाऊन पाहणी केली. त्यातून यादृच्छिक पद्धतीने १००० घरे निवडली आणि प्रत्येक घराचा फोन नंबर, जमीन आणि मागच्या हंगामात घरातील कोणी तोडीला गेले होते का, एवढे नोंदवून ठेवले. आता डिसेंबरमध्ये फोन करून एकच प्रश्न विचारायचा आहे: या हंगामात घरातील कोणी ऊसतोडीला गेले आहे का?

पायरी पहिली: प्रत्येक कॉलचा शेवट नोंदवा

"लागला" आणि "नाही लागला" एवढ्या दोन रकान्यांवर भागत नाही. मुलाखत पूर्ण झाली, अर्धवट राहिली, स्पष्ट नकार आला, घंटा वाजली पण कोणी उचलले नाही, फोन बंद किंवा कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता, नंबर अस्तित्वातच नव्हता, भलत्याच माणसाने उचलला, या साऱ्यांना वेगवेगळे सांकेतिक क्रमांक द्यावेत. शेजारी तारीख, वेळ आणि कितवा प्रयत्न होता हेही लिहावे. पुढे याच रकान्यांवर बरेच काही ठरते, कारण नकार देणारा माणूस आणि फोन बंद असलेला माणूस यांची कारणे निराळी असतात.

तोडीला गेलेल्या जोडप्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे अंधारातच फडावर जायचे, दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी आली की रात्री-अपरात्री ती भरायची. फोन कोपीवर असतो, तिथे वीज नसल्याने कित्येकदा चार्जिंग संपलेले असते, आणि सकाळी अकरा वाजता आपला कार्यकर्ता नंबर फिरवतो तेव्हा त्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" एवढेच ऐकू येते. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल आपण विचारणार आहोत, तीच गोष्ट फोन न लागण्याचे कारण आहे. अप्रतिसादाचा सर्वांत अवघड प्रकार हाच.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. ज्यांच्याकडे फोनच नाही ते यादीत येतच नाहीत. ती यादीच्या व्याप्तीची उणीव झाली, अप्रतिसाद नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले. स्त्रियांशीच बोलायचे असेल तर ही उणीव अप्रतिसादापेक्षाही मोठी ठरू शकते आणि तिचा विचार निराळा करावा लागतो. आपल्या उदाहरणात प्रत्येक घराचा एक तरी नंबर आहे असे धरू.

पायरी दुसरी: प्रतिसादाचा दर गटवार पाहा

समजा, १००० घरांपैकी ४४० घरांशी बोलणे झाले, म्हणजे प्रतिसाद ४४ टक्के. हा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरच्या फोन सर्वेक्षणांचा प्रतिसाद १९९७ मध्ये ३६ टक्के होता आणि २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला, तरीही कित्येक प्रश्नांची उत्तरे वापरण्याजोगी राहिली. कारण झुकाव दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: किती जण सुटले, आणि सुटलेले व सापडलेले यांच्या उत्तरांत किती अंतर आहे. अंतर शून्य असेल तर निम्मे लोक सुटूनही बिघडत नाही. अंतर मोठे असेल तर थोडे सुटले तरी आकडा हलतो.

म्हणून दर गटवार मांडावा. आपण जमिनीनुसार मांडू:

| गट | निवडलेली घरे | बोललेली घरे | त्यांपैकी तोडीला गेलेली |
|---|---|---|---|
| भूमिहीन | ४०० | १०० | ६० |
| ५ एकरांपर्यंत | ४०० | २०० | ६० |
| ५ एकरांहून जास्त | २०० | १४० | ७ |

भूमिहीनांतील चौथा हिस्साच बोलला, मोठ्या शेतकऱ्यांतील ७० टक्के बोलले. बोललेल्या ४४० घरांपैकी १२७ घरांतील माणसे तोडीला गेली आहेत, म्हणजे सुमारे २९ टक्के. हाच आकडा अहवालात छापला, तर जे घरी आहेत आणि निवांत बोलू शकतात त्यांचेच चित्र आपण सगळ्यांचे म्हणून मांडले, असा त्याचा अर्थ होईल.

पायरी तिसरी: गटवार भार काढा

रीत सोपी आहे. एका गटात जितकी घरे निवडली त्यांना, बोललेल्या घरांच्या संख्येने भागायचे. भूमिहीनांत ४०० भागिले १००, म्हणजे प्रत्येक बोललेल्या घराचा भार ४. मधल्या गटात ४०० भागिले २००, म्हणजे २. मोठ्या शेतकऱ्यांत २०० भागिले १४०, म्हणजे सुमारे १.४३. बोललेले प्रत्येक भूमिहीन घर स्वतःसाठी आणि न बोललेल्या आणखी तीन भूमिहीन घरांसाठी बोलते, असे आपण मानतो.

आता तोडीला गेलेल्या घरांना हे भार लावू. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, ६० गुणिले २ म्हणजे १२०, ७ गुणिले १.४३ म्हणजे १०. बेरीज ३७०. हजारातून ३७०, म्हणजे ३७ टक्के. आधीचे २९ टक्के आठ टक्क्यांनी वर सरकले, आणि त्यासाठी एकही नवा कॉल करावा लागला नाही.

याची किंमत मात्र आहे. भार असमान झाले की नमुना जणू लहान होतो. सांख्यिकीतज्ज्ञ लेस्ली किश यांचे ढोबळ सूत्र त्यासाठी वापरतात, त्यात w म्हणजे प्रत्येक घराचा भार:

```
n_eff = (Σw)² / Σw²
```

आपल्या उदाहरणात भारांची बेरीज १०००, आणि भारांच्या वर्गांची बेरीज सुमारे २६८६. त्यामुळे परिणामकारक नमुना सुमारे ३७२ घरांचा उरतो, ४४० चा नव्हे. चुकीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज दोन्ही बाजूंना किती हलू शकतो ते माप, साडेचार टक्क्यांवरून जवळपास पाच टक्क्यांवर जाते. एवढे सहन होण्यासारखे आहे. मात्र एखाद्या गटातील चारच घरे बोलली आणि प्रत्येकाचा भार पन्नासवर गेला, तर त्या चार घरांवर सगळा आकडा डोलू लागतो. असे दिसले की शेजारचे गट एकत्र करावेत किंवा भाराला वरची मर्यादा घालावी, आणि तसे केल्याचे अहवालात लिहावे. मर्यादा घातली की थोडा झुकाव परत येतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पायरी चौथी: कोणत्या गोष्टीवर भार काढायचा ते ठरवा

नवखा माणूस बहुधा हाताशी असलेल्या गोष्टी घेतो: वय, लिंग, तालुका. या गोष्टी घेण्यात चूक नाही, पण उपयोग त्याच गोष्टीचा होतो जिचा संबंध दोन्हीकडे असतो, म्हणजे माणूस बोलेल का याच्याशीही आणि तो काय उत्तर देईल याच्याशीही. फक्त प्रतिसादाशी संबंध असलेल्या गोष्टीने भार वाकडेतिकडे होतात, चुकीची मर्यादा वाढते आणि उत्तर तिथेच राहते.

याचा मोठा धडा अमेरिकेत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिळाला. पदवीधर माणसे सर्वेक्षणाला जास्त सहजपणे उत्तरे देतात, हे तिथे आधीपासून माहीत होते. त्या वर्षी गोऱ्या मतदारांत पदवीधर आणि बिनपदवीधर यांच्या मतांतले अंतर फार वाढले. तरीही राज्य पातळीवरील अनेक सर्वेक्षणांनी वय, लिंग, वंश यांवर भार काढले आणि शिक्षण वगळले. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत हिलरी क्लिंटन पुढे आहेत असे सर्वेक्षणे सांगत होती, आणि तिन्ही राज्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकली. लोकमत संशोधकांच्या अमेरिकी संघटनेने नंतर केलेल्या तपासणीत शिक्षणाचा भार न लावणे हे एक महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले. शेवटच्या दिवसांत मन बदललेले मतदार हे दुसरे.

आपल्याकडे अशी दुहेरी संबंधाची गोष्ट आधीच हाताशी आहे: मागच्या हंगामात घरातील कोणी गेले होते का. ती न बोललेल्या घरांचीही माहीत आहे, म्हणून ती सोन्यासारखी आहे. समजा, ४०० भूमिहीन घरांपैकी २६० घरांतील माणसे मागच्या वर्षी गेली होती. त्यांपैकी ५२ घरे यंदा बोलली आणि ४६ घरांतील माणसे यंदाही गेली आहेत. उरलेल्या १४० घरांपैकी ४८ बोलली आणि १४ घरांतील माणसे गेली आहेत. आता दोन्ही उपगटांचा भार वेगळा काढला की २६० घरांपैकी सुमारे २३० आणि १४० घरांपैकी सुमारे ४१ घरांतील माणसे गेली असा अंदाज येतो. म्हणजे भूमिहीनांत ६० टक्क्यांऐवजी ६८ टक्के. इतर दोन गट तसेच ठेवले तर एकूण आकडा ३७ वरून ४० टक्क्यांवर येतो.

निकष वाढत गेले की उपगट फार लहान होतात. अशा वेळी प्रत्येक उपगटाचा भार न काढता फक्त प्रत्येक निकषाची एकूण बेरीज जुळवतात. आधी जमिनीच्या बेरजा जुळवायच्या, मग मागच्या हंगामाच्या, त्याने पहिल्या थोड्या बिघडतात म्हणून पुन्हा जमिनीच्या, असे भार स्थिर होईपर्यंत करत राहायचे. याला 'रेकिंग' म्हणतात. आर या संगणकभाषेतील `survey` पॅकेजमध्ये ते असे होते:

```r
des  <- svydesign(ids = ~1, weights = ~w0, data = d)
des2 <- rake(des, list(~jamin, ~mage_gele),
             list(jamin_ekun, mage_ekun))
svymean(~gele, des2)
```

`w0` हा निवडीचा मूळ भार आहे, आणि `jamin_ekun` व `mage_ekun` या तक्त्यांत प्रत्येक गटाची खरी संख्या `Freq` या रकान्यात लागते. ही खरी संख्या कुठून आणली याकडे नीट लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःची यादी आहे म्हणून प्रश्न आला नाही. यादी नसेल तर लोक जनगणनेकडे वळतात, पण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही आणि २०११ च्या प्रमाणांवर आजचे भार बसवले तर जुन्या गावाचे माप आजच्या गावाला लावल्यासारखे होते.

पायरी पाचवी: गटाच्या आत काय चालले आहे ते तपासा

भारांकनाचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: एका गटातील बोललेली घरे त्याच गटातील न बोललेल्या घरांसारखी आहेत. बोललेल्या भूमिहीन घराला ४ चा भार देताना आपण हेच धरले. गृहीतक खोटे असेल तर भारांकन चुकीच्याच उत्तराची चौपट करते, आणि आकडे सफाईदार दिसत असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही शंका तपासण्याची सोपी खूण पहिल्या पायरीतील नोंदींतच असते. भूमिहीनांपैकी जी घरे पहिल्या दोन प्रयत्नांत लागली आणि जी पुढे रात्री उशिरा, चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला लागली, त्यांची उत्तरे वेगळी मांडावीत. समजा, लवकर लागलेल्या ६० घरांपैकी ३० घरांतील माणसे गेली होती, म्हणजे निम्मी, आणि उशिरा लागलेल्या ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के. जितका शोध अवघड, तितके जाण्याचे प्रमाण मोठे. मग जे कधीच लागले नाहीत त्यांच्यात ते आणखी मोठे असणार, असा संशय घेणे भाग आहे. दोन्ही आकडे सारखे आले असते तर थोडा दिलासा मिळाला असता, पूर्ण नव्हे, कारण उशिरा लागलेली माणसे न लागलेल्यांसारखीच असतात असेही नाही.

अमेरिकेतील पुढची निवडणूक हीच गोष्ट सांगते. २०२० पर्यंत बहुतेक सर्वेक्षणकर्ते शिक्षणावर भार काढू लागले होते. तरीही राष्ट्रीय सर्वेक्षणांची चूक ४० वर्षांतील सर्वांत मोठी ठरली आणि दिशा पुन्हा तीच होती, ट्रम्प यांचा पाठिंबा कमी दाखवणारी. त्याच संघटनेच्या तपासणीत शिक्षणाच्या भाराने हे सुटत नाही असे आढळले. एक संभव असा मांडला गेला की एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या, एकाच पक्षाच्या माणसांतही बोलणारे आणि न बोलणारे वेगळे होते. पण नेमके कारण त्यांना आकड्यांनिशी सिद्ध करता आले नाही, कारण न बोललेल्यांची मते कुठेच नोंदलेली नव्हती. गटाच्या आतला फरक भारांना दिसत नाही.

पायरी सहावी: न बोललेल्यांतील थोड्यांपर्यंत प्रत्यक्ष जा

यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भक्कम उपाय मॉरिस हॅन्सेन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये मांडला. त्यांच्यासमोर टपालाने पाठवलेल्या आणि परत न आलेल्या प्रश्नावल्या होत्या. सर्व न बोललेल्यांच्या मागे लागू नये, त्यांतून यादृच्छिक पद्धतीने थोडे निवडावेत आणि त्या थोड्यांपर्यंत मात्र काहीही करून पोहोचावे, हे त्यांचे म्हणणे. "थोडे पण सगळे" ही अट इथे महत्त्वाची आहे. निवडलेल्यांपैकी जे सोपे तेवढेच गाठले तर आपण पुन्हा मूळ जागी येतो.

न बोललेल्या ३०० भूमिहीन घरांतून ३० आणि मधल्या गटातील न बोललेल्या २०० घरांतून २० घरे चिठ्ठीने काढू. आपला प्रश्न असा आहे की उत्तर गावात गेल्यावर कळते. दाराला कुलूप असते, किंवा म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे मागे राहिलेली असतात, आणि शेजारीण सांगते की ते दिवाळी करून मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याला गेले. दोन माणसांचे चार-पाच दिवसांचे काम आहे. समजा, ३० भूमिहीन घरांपैकी २४ आणि मधल्या गटातील २० पैकी ९ घरांतील माणसे गेलेली आढळली.

आता हिशेब पुन्हा मांडू. भूमिहीनांत बोललेली ६० घरे अधिक न बोललेल्या ३०० पैकी ८० टक्के, म्हणजे २४०; एकूण ३००. मधल्या गटात ६० अधिक २०० पैकी ४५ टक्के, म्हणजे ९०; एकूण १५०. मोठ्या शेतकऱ्यांचा आधीचा १० चा अंदाज तसाच ठेवू, कारण तिथे प्रतिसाद चांगला होता. बेरीज ४६०, म्हणजे ४६ टक्के. भाराशिवाय २९, जमिनीच्या भाराने ३७, मागच्या हंगामाचा भार जोडून ४०, आणि गावात गेल्यावर ४६. भारांनी सुमारे दोन तृतीयांश अंतर कापले, उरलेले पायी जाऊन कापावे लागले.

या पाठपुराव्यातील प्रत्येक घराचा भार १० असल्याने चुकीची मर्यादा सुमारे सात टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे आपला अंदाज ३९ ते ५३ च्या दरम्यान आहे असे म्हणावे लागेल. काहींना हा पट्टा रुंद वाटेल आणि ते आधीच्या ३७ अधिक-उणे ५ ला पसंती देतील. मी देणार नाही. आधीचा पट्टा अरुंद असला तरी त्याचे मध्यच चुकीच्या जागी होते, आणि उशिरा लागलेल्या कॉलनी ते आपल्याला सांगितलेही होते.

पाठपुराव्याला पैसे किंवा माणसे नसतील तर निदान अहवालात चार गोष्टी छापाव्यात: गटवार प्रतिसादाचा दर, भाराशिवायचा आणि भारासहितचा आकडा शेजारी-शेजारी, भार कोणत्या निकषांवर काढले, आणि लवकर व उशिरा लागलेल्या घरांच्या उत्तरांतले अंतर. आपल्या उदाहरणात त्या अहवालात असे वाक्य असायला हवे: "भारासहित अंदाज ४० टक्के आहे, मात्र उशिरा संपर्क झालेल्या भूमिहीन घरांत स्थलांतराचे प्रमाण लवकर संपर्क झालेल्या घरांपेक्षा दीडपट आढळल्याने प्रत्यक्ष प्रमाण याहून जास्त असण्याची दाट शक्यता आहे."